जीपीए ३.०, आणि मदत बंद : ऑक्टोबरआधीचा जाहीर इशारा

हा इशारा अमेरिकेत राहणाऱ्या त्या मराठी घरांसाठी आहे, ज्यांची मुलं पेल ग्रँट किंवा सरकारी विद्यार्थी कर्ज घेऊन कॉलेजात शिकतात. नागरिक असाल, ग्रीन कार्ड असेल, दरवर्षी फॅफ्सा भरत असाल, तर तुमचं नाव यात आहे असं समजा. एच-४ आणि एफ-१ वरच्या मुलांना सरकारी मदत मिळतच नाही, त्यामुळे हा नियम त्यांना लागू नाही. मात्र त्यांच्या कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीची अट त्यांनी जरूर वाचावी.

मी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात काम करते. शनिवारी सकाळी मराठी शाळेच्या हॉलमध्ये एक टेबल मांडून बसते आणि आपल्या लोकांचे कागद फुकट तपासून देते. दर ऑगस्टमध्ये त्या टेबलासमोर तीच रांग लागते आणि तेच वाक्य कानावर येतं : "ताई, याचा जीपीए चांगला आहे हो, तरी मदत कशी थांबली?" या वर्षापासून त्या वाक्याला माझं उत्तर बदलणार आहे. कसं बदलणार ते शेवटी सांगते. आधी नियम काय आहे तो नीट ऐका, कारण रांगेत उभ्या असलेल्यांपैकी जवळपास कुणालाच तो पूर्ण माहीत नसतो.

सरकारी मदत चालू राहायची तर विद्यार्थ्याची 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती' असावी लागते. कार्यालयात आम्ही तिला नुसतं 'सॅप' म्हणतो. तिच्यात दोन वेगळ्या तपासण्या असतात आणि दोन्हींत एकाच वेळी पास व्हावं लागतं. पहिली जीपीएची. दुसऱ्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटी सरासरी 'सी', म्हणजे बहुतेक ठिकाणी २.० असावी, नाहीतर त्या कॉलेजच्या पदवीच्या अटींशी जुळेल इतकी. पुष्कळ कॉलेजं पहिल्या सत्रापासूनच २.० मागतात, काही सुरुवातीला थोडी सूट देतात. दुसरी तपासणी म्हणजे तुम्ही नोंदवलेल्या एकूण क्रेडिटपैकी पूर्ण किती केले. हा वाटा साधारण ६७ टक्के लागतो. हा आकडा कुणाच्या लहरीवर ठरलेला नाही. कायदा म्हणतो की पदवी तिच्या छापील लांबीच्या दीडपटीत संपली पाहिजे. पदवी १२० क्रेडिटची असेल तर जास्तीत जास्त १८० क्रेडिट नोंदवता येतात, आणि १८० पैकी १२० म्हणजे दोन तृतीयांश. दीडपटीच्या मर्यादेत पदवी गाठायची तर जो वेग ठेवावा लागतो, तोच हा वेग.

आपल्या घरांत पहिलीच तपासणी माहीत असते. दहावी-बारावीच्या टक्क्यांवर वाढलेल्या आईबापांना जीपीए लगेच समजतो. मुलाच्या खोलीच्या दारावर टकटक करून "किती आला?" असं विचारलं जातं ते जीपीएबद्दल. "किती क्रेडिट सोडलेस?" असं विचारणारा बाप मला अजून भेटायचा आहे. आणि मदत बंद होते ती बहुतेक वेळा याच दुसऱ्या आकड्यावर.

हे घडतं कसं, ते डब्ल्यू या अक्षरात लपलेलं आहे. सत्राच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत, ॲड-ड्रॉपच्या मुदतीत, विषय काढून टाकला तर तो नोंदवलाच नव्हता असं धरलं जातं. ती मुदत गेल्यावर विषय सोडला की ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू येतो. डब्ल्यूला गुण नाहीत, त्यामुळे जीपीएला धक्का लागत नाही. म्हणून मित्र सांगतात, "डब्ल्यू घे, काही होत नाही." सल्लागारही कधीकधी तेच सांगतात, कारण त्यांच्यासमोर शिक्षणाची बाजू असते, पैशाची नसते. पण ते क्रेडिट 'नोंदवलेले' या रकान्यात कायमचे बसतात आणि 'पूर्ण केलेले' या रकान्यात कधीच येत नाहीत. दुसऱ्या तपासणीच्या दृष्टीने डब्ल्यू आणि एफ अगदी सारखे आहेत. इनकम्प्लीटही, म्हणजे काम अर्धवट राहिल्यामुळे मिळालेला 'आय', तो मिटेपर्यंत तसाच धरला जातो.

आता एक हिशेब मांडते. मुलगा काल्पनिक आहे, पण त्याच्यासारखे माझ्या टेबलासमोर दर वर्षी बसतात. संगणकशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. फॉलमध्ये १५ क्रेडिट घेतले : कॅल्क्युलस ४, केमिस्ट्री ४, इंग्रजी ३, प्रोग्रॅमिंग ३ आणि एक क्रेडिटचा सेमिनार. कॅल्क्युलसच्या दुसऱ्या परीक्षेनंतर घाबरून त्याने डब्ल्यू घेतला. केमिस्ट्रीत सी, इंग्रजीत बी, बाकी दोन्हींत ए. ११ क्रेडिटवर ३३ गुण, म्हणजे जीपीए बरोबर ३.०. घरी पेढे. दुसऱ्या रकान्यात मात्र १५ पैकी ११, म्हणजे ७३ टक्के. चालतंय, पण उशी किती उरली ते कुणी बघितलं नाही.

स्प्रिंगमध्ये परत १५. कॅल्क्युलस पुन्हा घेऊन बी मिळवला. इतिहासाच्या ३ क्रेडिटला बी. फिजिक्स जड जायला लागलं आणि मागच्या वेळचा अनुभव 'चांगला' होता, म्हणून ४ क्रेडिटवर परत डब्ल्यू. डेटा स्ट्रक्चर्सचा शेवटचा प्रकल्प राहिला. प्राध्यापक भले होते, त्यांनी इनकम्प्लीट दिला आणि उन्हाळ्यात काम द्यायला सांगितलं. सत्र संपल्यावर जीपीए मोजला तर १८ क्रेडिटवर ५४ गुण, परत ३.०. पूर्ण केलेले क्रेडिट मात्र ३० पैकी १८. साठ टक्के. मुलगा दुसऱ्या तपासणीत नापास आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नाही.

जून महिन्यात कॉलेजच्या ईमेलवर एक पत्र येतं. ते पत्र मुलाच्या त्या खात्यात जातं, जे तो सुट्टीत उघडत नाही. ज्या कॉलेजात दर सत्राला तपासणी होते, तिथे पहिल्या चुकीला वॉर्निंग मिळते. वॉर्निंग म्हणजे एक सत्र मदत चालू राहते, अर्ज-विनंती काही लागत नाही, आणि सत्राच्या शेवटी दोन्ही आकडे जागेवर आले नाहीत तर मदत बंद. जी कॉलेजं वर्षातून एकदाच तपासणी करतात, तिथे वॉर्निंगची पायरी नसते, थेट मदत थांबते. तुमचं कॉलेज यातलं कुठलं, हे त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. न वाचता माझ्याकडे येऊ नका.

आपला मुलगा वॉर्निंगवर आहे. त्या उन्हाळ्यात तो चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला गेला, सहा आठवडे राहिला, आणि डेटा स्ट्रक्चर्सचा प्रकल्प तसाच राहिला. मुदत संपताच इनकम्प्लीटचा एफ झाला. जीपीए ३.० वरून २.४५ वर आला. मग बापाने ठरवलं की मागे पडलाय तर भराभर भरून काढू. सल्लागाराची परवानगी काढून फॉलला १८ क्रेडिट घेतले. ऑक्टोबरच्या शेवटी त्यातले दोन चार-चार क्रेडिटचे विषय सोडावे लागले. दहा पूर्ण झाले, सगळ्यांत बी. एकूण नोंदवले ४८, पूर्ण २८. अठ्ठावन्न टक्के. जीपीए मात्र २.६३, म्हणजे अटीच्या बराच वर. जानेवारीत मदत बंद. आणि टेबलासमोर तेच वाक्य.

या सगळ्यात वाचवण्यासारखे क्षण तीन होते. पहिला फिजिक्सच्या डब्ल्यूचा. तो विषय रडतखडत डीने जरी पार केला असता, तरी ते ४ क्रेडिट पूर्ण झाले असते, वाटा ३० पैकी २२ म्हणजे ७३ टक्के राहिला असता आणि जीपीए २.६४ ला थांबला असता. डीची किंमत मी लपवत नाही. पुढच्या विषयाला पुष्कळदा सी लागतो आणि मेजरमध्ये डी चालत नाही. पण मदत टिकली असती, आणि तो विषय पुढे परत करता आला असता. दुसरा क्षण उन्हाळ्यातला. तो एक प्रकल्प सीच्या दर्जाचा जरी दिला असता तरी वाटा परत ७३ टक्क्यांवर गेला असता. अशा वेळी श्रेणी बदलली की कार्यालयाला स्वतः कळवून फेरतपासणी मागायची असते. काही ठिकाणी ती आपोआप होत नाही. तिसरा क्षण १८ क्रेडिटचा. त्याने १२ घेऊन सगळे पूर्ण केले असते तर ४२ पैकी ३०, म्हणजे ७१ टक्के. वॉर्निंग उठली असती.

इथे थांबून एक गोष्ट पक्की करून घ्या. दोन तृतीयांशाचा नियम सोप्या भाषेत असा आहे : गमावलेल्या प्रत्येक एका क्रेडिटमागे दोन पूर्ण क्रेडिट असायला हवेत. गमावलेले म्हणजे एफ, डब्ल्यू, न मिटलेला आय, आणि पास होऊनही परत नोंदवलेला विषय. त्या मुलाने जूनपर्यंत १२ गमावले होते, म्हणजे त्याला २४ पूर्ण लागत होते. हाताशी १८ होते. फक्त सहा क्रेडिटचा खड्डा होता! आणि तो बुजवायला त्याने १८ क्रेडिटचा डोंगर उचलला. आता ४८ मध्ये २० गमावलेत, म्हणजे ४० पूर्ण हवेत, २८ आहेत, बारा कमी. हे बारा त्याला स्वतःच्या खिशातून भरावे लागतील आणि त्यातला एकही गमावता येणार नाही. टेबलावर पेन-कागद घेऊन हा हिशेब दोन मिनिटांत होतो. मी कितीतरी इंजिनिअर बापांना तो पहिल्यांदा करताना पाहिलंय आणि चेहरे पडताना पाहिलेत.

एक बारीक अडचण. ३० पैकी २० म्हणजे ६६.६७ टक्के. काही कॉलेजं हे ६७ धरून पास करतात, काही छापील ६७ म्हणजे ६७ असं मानतात. अगदी काठावर असाल तर हे आधी विचारा, नंतर भांडू नका.

आता दुसऱ्या बाजूने फसणाऱ्यांकडे येते, कारण "काहीही झालं तरी विषय सोडू नका" असा अर्थ कुणी वरच्या हिशेबातून काढला तर तोही खड्ड्यातच जाईल. एक मुलगी घ्या. तिने ३० क्रेडिट घेतले, एकही सोडला नाही, सगळे पार केले, पण बरेच डीने. गुण ५४, जीपीए १.८. वाटा शंभर टक्के. ती जीपीएच्या तपासणीत नापास. या मुलीला डब्ल्यू हे औषध होतं. दुसऱ्या रकान्यात तिची भरपूर उशी होती आणि पहिल्यात काहीच नव्हती. पुढच्या सत्रात १५ क्रेडिट घेऊन तिला २.० ला पोचायचं तर ३६ गुण लागतील, म्हणजे त्या सत्रात २.४ची सरासरी. जिची सरासरी आजवर १.८ आहे तिच्याकडून हे मागणं सोपं नाही.

तिच्यापुढे दुसरा रस्ता आहे. ज्या कॉलेजात परत केलेल्या विषयाची नवी श्रेणी जुनीची जागा घेते, तिथे तिने ४ क्रेडिटचा एक डी परत करून बी आणला, तर गुण ६२ होतात आणि जीपीए एकदम २.०७. दुसऱ्या रकान्यात तो विषय दोनदा नोंदवला जातो आणि पूर्ण एकदाच धरला जातो, म्हणजे ३४ पैकी ३०, अठ्ठ्याऐंशी टक्के. तिला ते परवडतं. वरच्या मुलाला परवडलं नसतं. आणि लक्षात ठेवा, पास झालेला विषय परत करण्यासाठी सरकारी मदत एकदाच मोजली जाते. तिसऱ्यांदा तोच विषय घेतलात तर त्याचे पैसे तुमचे.

तेव्हा डब्ल्यू घ्यावा की नको याचं एकच उत्तर नाही, पण प्रश्न विचारायची पद्धत एकच आहे. विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेआधी दोन्ही आकडे तीन प्रकारे काढायचे : सोडला तर, डी मिळाला तर, नापास झालो तर. सोडणं आणि नापास होणं यांत दुसरा आकडा सारखाच येतो, फरक फक्त जीपीएत पडतो. त्यामुळे नापास होणार हे नक्की असेल तर सोडणं कधीही बरं. खरा पेच सोडणं आणि डी यांच्यात असतो, आणि तिथे ज्या रकान्यात उशी कमी आहे तो रकाना निर्णय घेतो. हा हिशेब फॉल सत्रात ऑक्टोबरमध्ये करायचा असतो. डब्ल्यूची मुदत बहुतेक कॉलेजात ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये संपते. ती नेमकी तारीख कॉलेजच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत असते. आज रात्री ती काढून फ्रिजवर चिकटवा.

सगळेच विषय एकदम सोडायचा विचार करणाऱ्यांना वेगळी ताकीद. सत्राचा ६० टक्के काळ उलटायच्या आत पूर्ण बाहेर पडलात तर मिळालेल्या मदतीतला न कमावलेला भाग परत जातो. त्याचं बिल कॉलेज तुमच्या नावावर लावतं. हा सॅपपेक्षा वेगळा नियम आहे, पण लागतो त्याच वेळी. मग एका सत्रात पंधरा क्रेडिट गमावलेले आणि वर कर्ज, असे दोन फटके बसतात.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जवळपास नेहमीच निसटते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेले ड्युअल एन्रोलमेंटचे विषय. "ते तर गंमत म्हणून घेतले होते" असं म्हणून सोडलेला सोळाव्या वर्षीचा डब्ल्यू त्याच कॉलेजात पुढे शिकायला गेलं की हिशेबात हजर असतो. मदत न घेता केलेली सत्रंही मोजली जातात. दुसऱ्या कॉलेजातून आणलेले, आणि पुष्कळ ठिकाणी एपीचेही, जे क्रेडिट तुमच्या पदवीसाठी धरले जातात, ते नोंदवलेले आणि पूर्ण केलेले अशा दोन्ही रकान्यांत येतात. त्यामुळे वाटा वाढतो, पण दीडपटीच्या मर्यादेकडेही तेवढेच सरकता. २४ एपी क्रेडिट घेऊन आलेला, दोनदा मेजर बदललेला मुलगा पाचव्या वर्षी १८० च्या जवळ पोचतो आणि त्याला वाटतं आपण अजून तरुण आहोत. १८० च्या आत पदवी आता गणिताने शक्यच नाही असं दिसलं, की मदत तिथेच संपते. १८० पर्यंत वाट बघितली जात नाही.

मदत बंद झाल्यावर काय, यावर लोकांच्या डोक्यात दोन भ्रम आहेत. पहिला, एक सत्र घरी बसलं की सगळं पुसलं जातं. नाही. घरी बसून किंवा स्वतःचे पैसे भरून आपोआप हक्क परत येत नाही. दोन्ही आकडे परत अटीच्या वर यावे लागतात, नाहीतर अपील मंजूर व्हावं लागतं. कॉलेजने 'फ्रेश स्टार्ट' देऊन जुन्या श्रेणी जीपीएतून काढल्या असल्या, तरी सरकारी मदतीसाठी त्या मोजल्याच जातात. दुसरा भ्रम म्हणजे अपील ही विनंती आहे, रडून सांगितलं की मिळते. अपीलात दोनच गोष्टी बघितल्या जातात : काय घडलं, आणि आता काय बदललं. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, आजार, अपघात किंवा अशी खास परिस्थिती, आणि तिचा कागद. आजी गेली म्हणून सत्राच्या मध्यात तुम्ही कोल्हापूरला गेलात आणि दिवसकार्य होईपर्यंत थांबलात, तर ते खरं कारण आहे. मृत्यूचा दाखला जोडा, विमानाची तिकिटं जोडा, आणि तुम्ही कोणत्या आठवड्यांना हजर नव्हता ते लिहा. मग लिहा की आता काय वेगळं आहे. "आता मी खूप मेहनत करीन" हे वेगळं नाही. "मी कॅल्क्युलस आणि फिजिक्स एका सत्रात घेणार नाही, आठवड्याचे वीस तास दुकानात काम करत होतो ते बारावर आणलं आहे, सल्लागाराशी बसून पुढच्या दोन सत्रांचा आराखडा केला आहे, तो सोबत आहे" हे वेगळं आहे.

अपील मंजूर झालं तर एका सत्रासाठी प्रोबेशन मिळतं, आणि एका सत्रात आकडे वर येणार नसतील तर शैक्षणिक आराखडा. त्या आराखड्याचं एक कलम मोडलं की पुन्हा बंद. अपीलावर निर्णय येईपर्यंत ऑगस्टचं बिल तुमच्या दारात उभं असतं. म्हणून मी आधीच्या ऑक्टोबरबद्दल इतकी ओरडते आहे.

ज्यांना राज्याची किंवा कॉलेजची शिष्यवृत्ती आहे त्यांनी वरच्या आकड्यांवर समाधान मानू नये. त्यांच्या अटी अनेकदा कडक असतात. जॉर्जियाची होप शिष्यवृत्ती ३.० मागते, आणि ३०, ६०, ९० नोंदवलेल्या क्रेडिटच्या टप्प्यांवर तपासते. सरकारी मदत टिकली आणि शिष्यवृत्ती गेली, असं मी पाहिलंय.

आता माझं उत्तर कसं बदलणार ते. या फॉलपासून माझ्या शनिवारच्या टेबलावर खालील अटी लागू आहेत आणि त्यांना अपवाद नाही. ओळख, गाव, मंडळातलं पद, गणपतीतली वर्गणी, काही चालणार नाही.

विद्यार्थी स्वतः आला पाहिजे. कॉलेजातल्या मुलाच्या नोंदी त्याच्या असतात. त्याच्या लेखी संमतीशिवाय कार्यालयं सहसा पालकांशी बोलत नाहीत. मीही आता फक्त पालक समोर असतील तर बोलणार नाही. फोन करून "जरा ओळखीने बघा ना" म्हणणाऱ्यांना मी फोन ठेवायला सांगेन.

येताना विद्यार्थ्याने ताजी ट्रान्स्क्रिप्ट आणायची, आणि तिच्याखाली स्वतःच्या हाताने तीन आकडे लिहायचे : नोंदवलेले एकूण क्रेडिट, पूर्ण केलेले एकूण क्रेडिट, आणि जीपीए. त्याशेजारी गमावलेल्या क्रेडिटची दुप्पट. ती पूर्ण केलेल्यांपेक्षा मोठी आहे की लहान, हे मी त्याच्या तोंडून ऐकणार. उत्तर माहीत नसेल तर त्याच दिवशी हॉलच्या मागच्या खुर्चीवर बसून हिशेब करायचा, मग रांगेत यायचं.

ज्यांना या सत्रात विषय सोडायचा आहे त्यांनी कॉलेजच्या डब्ल्यूच्या तारखेच्या किमान दोन शनिवार आधी यावं. तारीख गेल्यावर "आता काय करायचं" म्हणून आलात तर मी तुम्हाला तुमच्या कॉलेजच्या कार्यालयाचा पत्ता देईन आणि पुढच्या माणसाला बोलावीन.

अपीलाचा मसुदा मी तपासून देईन, लिहून देणार नाही. आईने लिहिलेला, मोठ्या भावाने लिहिलेला, किंवा कागद न जोडलेला मसुदा मी हातात घेणार नाही. जानेवारीत मदत बंद होणार असेल तर अपील डिसेंबरमध्ये तयार हवं, आणि आराखड्यावर सल्लागाराची सही त्याआधी.

ज्यांचे दोन्ही आकडे आत्ता ठीक आहेत, त्यांनी येऊ नये. त्यांनी घरी बसून पुढच्या सत्रात किती क्रेडिट गमावणं परवडेल ते काढावं. पूर्ण केलेल्यांचं अर्धं घ्या, त्यातून आतापर्यंत गमावलेले वजा करा. उरेल त्यापेक्षा कमी गमावलंत तर तुम्ही वाचाल, आणि तो आकडा चारपेक्षा कमी असेल तर जड विषयांची जोडी एका सत्रात घेऊ नका.

टेबल सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उघडेल. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी बंद होईल आणि मे महिन्यापर्यंत उघडणार नाही.